सराव हवा, पण कशाचा?

दिवाळीच्या सुट्टीआधी पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक मिळतं. हल्ली कधीकधी त्याआधीच त्याचा फोटो पालकांच्या व्हॉट्सअॅपवर येऊन पडतो. समजा, चौथीतल्या एका मुलीच्या फोटोत गणितापुढे ‘ब-२’ आहे आणि शेरा आहे, ‘सराव घ्यावा. निष्काळजीपणा टाळावा.’

‘हो मॅडम, घेते’ असं लिहून आई मोकळी होऊ शकते. पण सराव नेमका कशाचा, हे त्या फोटोत कुठेच नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात चौथीला ६० गुण आकारिक म्हणजे तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय वगैरेंचे आणि ४० संकलित परीक्षेचे. आकारिकमध्ये ४५ आणि परीक्षेत १७ पडले, तरी बेरीज ६२ होते आणि श्रेणी येते ब-२. कच्चा दुवा बेरजेत झाकून जातो. म्हणून आधी उत्तरपत्रिका पाहावी.

उत्तरपत्रिकेत दिसतं ते असं: ५०३ वजा २७८ बरोबर ३७५. भागाकारात ८२४ भागिले ४ बरोबर २६. पहिल्या गणितात मुलीनं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय, हातचा घेतलेलाच नाही. दुसऱ्यात २ मध्ये ४ जात नाहीत म्हटल्यावर भागाकारात शून्य न लिहिता ती थेट पुढे गेली. याला निष्काळजीपणा कसं म्हणायचं? १९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी वजाबाकीतल्या चुकांवर निबंध प्रसिद्ध केला. मुलं बऱ्याचदा कुठलातरी चुकीचा नियम इमानेइतबारे पाळत असतात, हे त्यांनी त्यात दाखवलं. अशा मुलीला तीच पन्नास गणितं घातली, तर तो नियमच पक्का होणार.

आता उत्तर लिहिता येतं, तेही वर्गाच्या ग्रुपवर नाही, बाईंना वेगळं:

‘नमस्कार मॅडम. शेरा वाचला, पेपरही पाहिला. हातच्याची वजाबाकी आणि भागाकारातलं शून्य, या दोन ठिकाणी ती अडते असं वाटतं. तुम्हालाही तसंच दिसतं का? चार आठवडे आधी वजाबाकी, मग भागाकार घेऊ का? घरी रोज पंधरा मिनिटं मी बसवीन. वर्गात तुम्ही कोणती रीत शिकवता ते कळवा, म्हणजे घरी वेगळी सांगितली जाणार नाही. दर शुक्रवारी पाच गणितं तपासून द्याल का?’

चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना पाच गणितं जमण्यासारखी आहेत. ‘तिच्याकडे जास्त लक्ष द्या’ ही मागणी मात्र हवेतच राहते.

घरी सुरुवात काड्यांच्या गठ्ठ्यांनी करावी. ५०३ मधला एक शतकाचा गठ्ठा सोडून दहा दशक, त्यातला एक दशक सोडून दहा सुट्टे, असं हातानं केलं की २२५ कुठून आले ते दिसतं. भागाकारात आधी अंदाज घ्यावा: ८०० चे चार भाग केले तरी २०० होतात, मग २६ कसे? आणि शेवटी २६ गुणिले ४ करून पाहावं, १०४ येतात.

शुक्रवारच्या पाचांत ६१२ भागिले ६ सारखं नवं गणित हवंच. तिथं १०२ आले तर गाडी रुळावर आहे. पुन्हा १२ आले, तर सहाचा पाढा आधी विचारून बघावा. तो येत असेल, तर काड्यांकडे परत जावं आणि तसं बाईंना कळवावं.