बांधावरचं भांडण, तीन कलमं आणि एक समेटपत्र

गावातलं भांडण मिटलं की पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर समेटपत्र लिहिलं जातं. दोन्ही बाजूंच्या सह्या होतात, साक्षीदार म्हणून सरपंच किंवा तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष सही करतात, नोटरीचा शिक्का बसतो आणि सगळे घरी जातात. काही महिन्यांनी आरोपीच्या हातात न्यायालयाचं समन्स पडतं. ‘अहो, आमचं तर मिटलंय!’ असं म्हणत तो कागद घेऊन वकिलाकडे धावतो. वकील आधी समेटपत्र वाचत नाही. तो दोषारोपपत्र मागतो आणि त्यातली कलमं बघतो. खटला मिटणार की नाही, हे त्या कलमांवर ठरतं.

सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या गावातला प्रसंग कल्पून पाहू. दोन चुलत भावांचा बांधावरून वाद आहे. एका सकाळी थोरल्याने धाकट्याला शिवीगाळ केली, ‘पुन्हा इकडे आलास तर बघून घेईन’ असं धमकावलं आणि ढकलून दिलं. धाकटा पाटाच्या दगडावर पडला आणि त्याच्या मनगटाचं हाड मोडलं. सोडवायला धावलेल्या धाकट्याच्या सोळा वर्षांच्या मुलाला थोरल्याने थोबाडीत मारली. तेवढ्यात थोरल्याचा पोरगा ऊस तोडायचा कोयता घेऊन आला आणि त्याने धाकट्याच्या दंडावर वार केला. जखम उथळ होती, चार टाक्यांत भागलं. नवरा दवाखान्यात, म्हणून फिर्याद धाकट्याच्या बायकोने दिली.

एकाच सकाळचं हे भांडण कायद्याच्या लेखी तीन वेगवेगळ्या खणांत जातं.

हे खण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहेत. १ जुलै २०२४ पूर्वी तेच काम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२० करत असे. या कलमात दोन तक्ते आहेत. पहिल्या तक्त्यातले गुन्हे संबंधितांनी आपसांत मिटवले तरी चालतात, त्याला न्यायालयाची परवानगी लागत नाही. दुसऱ्या तक्त्यातले गुन्हे न्यायालयाने परवानगी दिली तरच मिटतात. प्रत्येक गुन्ह्यासमोर तो मिटवण्याचा अधिकार कोणाला, हेही लिहिलेलं आहे. आणि कलमाच्या शेवटी एक छोटं पण कडक वाक्य आहे, की या कलमात सांगितल्याप्रमाणेच गुन्हा मिटवता येईल, एरवी नाही. म्हणजे जो गुन्हा दोन्ही तक्त्यांत नाही, तो बिगर-तडजोडपात्र.

आता बांधावर परत येऊ. शिवीगाळ म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२, साधी धमकी ३५१(२) आणि थोबाडीत मारणं ११५(२). हे तिन्ही पहिल्या तक्त्यात आहेत. इतरांची साधी चोरी, घरात घुसणं, खाजगी मालमत्तेची नासधूस, रस्ता अडवणं, खाजगी व्यक्तीची बदनामी हेही याच तक्त्यात बसतात. पण ‘परवानगी नको’ याचा अर्थ ‘न्यायालयात जायलाच नको’ असा लोक करतात, आणि तिथे फसतात. दोषारोपपत्र दाखल झालेलं असेल तर खटला न्यायालयाच्या दप्तरी जिवंत असतो. समेट झाल्याची पुरसीस प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर द्यावी लागते. जखमी माणूस स्वतः उभा राहून ‘हो, मी स्वखुशीने मिटवलंय’ असं सांगतो, न्यायाधीश त्याची नोंद घेतात आणि आरोपी निर्दोष सुटतो. फरक एवढाच, की इथे न्यायाधीश समेटाची खात्री करतात, तो मान्य करायचा की नाही हे त्यांच्या मर्जीवर नसतं.

मनगटाचं हाड मोडलं ती गोष्ट वेगळी. हाड मोडणं किंवा दात पडणं ही कायद्याच्या भाषेत ‘जबर दुखापत’ आहे. पंधरा दिवस तीव्र वेदना होत राहिल्या किंवा माणूस नेहमीची कामं करू शकला नाही, तरीही दुखापत जबर ठरते. जुन्या दंडसंहितेत ही मुदत वीस दिवसांची होती. कलम ११७(२) खाली यासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि हा गुन्हा दुसऱ्या तक्त्यात आहे. विश्वासघाताने पैसे किंवा माल हडपणं, फसवून मालमत्ता उकळणं, पहिली बायको किंवा नवरा असताना दुसरं लग्न करणं हेही इथेच येतात. इथे नुसती पुरसीस पुरत नाही, परवानगीचा अर्ज करावा लागतो. न्यायाधीश जखमी माणसाला प्रश्न विचारतात. दबाव आहे का, पैशाचं आमिष आहे का, आरोपीवर आधीचे गुन्हे आहेत का, हे बघतात, आणि पटलं नाही तर नाही म्हणू शकतात.

दंडावरची चार टाक्यांची जखम मात्र कोयत्याची आहे. धारदार हत्याराने केलेली दुखापत म्हणजे कलम ११८(१). शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणजे हाड मोडल्याच्या निम्म्याहूनही कमी. तरीही हे कलम दोन्ही तक्त्यांत नाही. जुन्या कायद्यात याच गुन्ह्याचं कलम ३२४ होतं आणि ते एके काळी परवानगीने मिटवता येत असे. नंतरच्या दुरुस्तीने ते तक्त्यातून वगळलं गेलं. महिलेच्या विनयभंगाचं जुनं कलम ३५४ सुद्धा असंच बाहेर काढलं गेलं, आणि तो निर्णय योग्यच होता.

इथे लक्षात येतं, की तडजोडीची फूटपट्टी शिक्षेची लांबी नाही. सात वर्षांचा गुन्हा मिटतो आणि तीन वर्षांचा मिटत नाही. कायदा विचारतो तो प्रश्न वेगळा आहे: नुकसान एका माणसाचं झालं, की सगळ्या गावाचं? भांडणात हत्यार निघालं की ती दोन घरांची गोष्ट उरत नाही, असं कायदेमंडळाने मानलं. तत्त्व म्हणून ते समजतं. पण उथळ जखमेच्या भावकीतल्या भांडणात त्याचा जाच फार होतो, हेही तितकंच खरं.

समेटपत्र बहुतेकदा अडतं ते सहीपाशी. आपल्या उदाहरणात फिर्यादी म्हणून धाकट्याच्या बायकोने सही केली. पण दुखापतीच्या गुन्ह्यात मिटवण्याचा हक्क फिर्यादीला नसून ज्याला दुखापत झाली त्याला असतो. मनगट धाकट्याचं मोडलं, तेव्हा सही त्याचीच हवी. थोबाडीत मुलाला बसली, पण तो अठरा वर्षांखालचा आहे. त्याच्या वतीने बाप मिटवू शकतो, मात्र त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते, गुन्हा पहिल्या तक्त्यातला असला तरीही. शिवीगाळ ज्याला झाली, त्याने ती मिटवायची. म्हणजे एका फिर्यादीत तीन माणसं दुखावली असतील तर तिघांचीही संमती हवी. दोघांनी मिटवलं आणि तिसरा अडून बसला, तर त्याच्यापुरता खटला चालू राहतो.

आणखी दोन अडसर आहेत. खालच्या न्यायालयात शिक्षा होऊन अपील प्रलंबित असेल, तर पहिल्या तक्त्यातला गुन्हाही अपील न्यायालयाच्या परवानगीशिवाय मिटत नाही. आणि आधीच्या दोषसिद्धीमुळे आरोपीला वाढीव शिक्षा होण्याची शक्यता असेल, तर तडजोड मुळीच चालत नाही.

मग कोयत्याच्या वाराचं काय? त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात गुन्हाच रद्द करू शकतं. सांगलीकरांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. आरोपी याचिका करतो आणि जखमी माणूस ‘माझी हरकत नाही’ असं प्रतिज्ञापत्र देतो. ही तडजोडीची परवानगी नव्हे, हा वेगळा अधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ग्यान सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठासमोर हा फरक स्पष्ट केला. वाद मुळात खाजगी असेल आणि समेटानंतर शिक्षा होण्याची शक्यता धूसर असेल, तर गुन्हा तक्त्यात नसला तरी उच्च न्यायालय तो रद्द करू शकतं. खून, बलात्कार, दरोडा अशा गुन्ह्यांत मात्र नाही.

हा अधिकार किती लांब जातो, ते २०२१ च्या रामगोपाल खटल्यात दिसलं. मध्य प्रदेशात २००० साली पैशाच्या वादातून झालेल्या मारामारीत एका माणसाची करंगळी तुटली होती. आरोपींना शिक्षाही झाली होती. पुढे समेट झाला आणि शिक्षा झाल्यानंतरही सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण संपवलं. उलट २०२४ मध्ये राजस्थानातल्या एका सरकारी शिक्षकाचं प्रकरण आलं. विद्यार्थिनीशी लैंगिक गैरवर्तन केल्याचा त्याच्यावर आरोप होता. मुलीच्या बापाने समेट केला म्हणून उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि खटला पुन्हा सुरू करायला लावला. बालकावरचा लैंगिक अत्याचार ही बापाने मिटवण्याची घरगुती बाब नाही, हे त्यातून ठणकावून सांगितलं गेलं.

उच्च न्यायालयात जायची ऐपत किंवा माहिती नसलेले लोक भलताच मार्ग धरतात. साक्षीच्या दिवशी जखमी माणूस पिंजऱ्यात उभा राहून ‘कोणी मारलं ते दिसलं नाही’ असं सांगतो आणि फितूर होतो. आरोपी सुटतो, पण शपथेवर खोटं बोलल्याची टांगती तलवार साक्षीदाराच्या डोक्यावर राहते. याहून धोक्याचं म्हणजे बिगर-तडजोडपात्र गुन्ह्यात कारवाई न करण्यासाठी पैसे घेणं. न्याय संहितेच्या कलम २५० खाली तो स्वतंत्र गुन्हा आहे. कायदेशीररीत्या मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांना त्यातून सूट आहे, म्हणून पैशाचा हात पुढे करण्याआधी कलम बघणं भाग आहे.

नवरा-बायकोच्या भांडणात तर हा पेच रोजचाच आहे. सासरच्या छळाचं कलम, जुनं ४९८ अ आणि आताचं ८५, कोणत्याच तक्त्यात नाही. घटस्फोट आणि पोटगी ठरून दोघं वेगळी झाली, तरी हा गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयातच जावं लागतं. आंध्र प्रदेशाने २००३ मध्येच राज्यापुरती दुरुस्ती करून तो न्यायालयाच्या परवानगीने मिटवण्याजोगा केला. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये केंद्राला तसं सुचवलं. ही दुरुस्ती व्हायला हवी. परवानगीची अट असली की दबावाखालच्या बाईला न्यायाधीशांसमोर बोलायची जागा मिळते, आणि खरोखर मिटवलेल्यांची वणवण वाचते.

चुलत भावांच्या समेटपत्रात शेवटची एक ओळ असते: थोरला दवाखान्याच्या खर्चापोटी ठरावीक रक्कम सहा महिन्यांत देईल आणि बांधाची सरकारी मोजणी करून घेईल. तडजोड नोंदली गेली की थोरला निर्दोष सुटतो आणि ती सुटका कायमची असते. त्याने पैसे दिले नाहीत किंवा मोजणी टाळली, म्हणून फौजदारी खटला पुन्हा उभा राहत नाही. मग धाकट्याला वेगळा दिवाणी दावा लावावा लागतो. त्यामुळे जाणते वकील पुरसीसवर सही करण्याआधी रक्कम न्यायालयातच हातात पडेल असं बघतात, आणि भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची फी भरल्याची पावती मागून घेतात.