खिडकीतला डोंगर

फ्लॅटच्या जाहिरातींचे फोटो काढणाऱ्यांवर लिहा, म्हणून संपादकांनी मला अहिल्यानगरला पाठवलं. भिंगारच्या बाजूला एका नव्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर पोचले, आणि पुढचे तीन तास एका खिडकीसमोरून हलले नाही.

हॉलची खिडकी पूर्वेला आहे. लांबवर डोंगर दिसतो आणि त्याच्या माथ्यावर चांदबीबी महाल. नाव महालाचं असलं तरी ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर आहे, आठ कोनांची, तीन मजली. फोटोत तो डोंगर आलाच पाहिजे, ही मालकांची अट. फोटोग्राफर तिशीच्या आतला, बोलायला कमी. त्याने कॅमेरा स्टँडवर लावला, पहिला फोटो घेतला आणि मागचा पडदा माझ्याकडे वळवला. सोफा, फरशी, भिंतीचा रंग, सगळं सुरेख. खिडकीच्या जागी मात्र कोऱ्या कागदासारखा पांढरा चौकोन.

“खिडकी बर्न झाली, ताई. यात डोंगर शोधू नका, तो नाहीच.”

फिकट पडलेला डोंगर नंतर गडद करता येईल, असा माझा समज होता. पण पांढऱ्याची कमाल मर्यादा ओलांडली की तिथे ढग, झाड, दगड असा काही फरकच नोंदला जात नाही. न नोंदलेलं परत आणणार कुठून? आपल्या डोळ्याला हे जाणवत नाही, कारण नजर खोलीतून बाहेर गेली की डोळा क्षणात जुळवून घेतो. कॅमेऱ्याला एका फोटोसाठी एकच वेळ ठरवावी लागते. त्या दुपारी f/8 वर खोलीला अर्धा सेकंद लागत होता आणि बाहेरच्या दृश्याला सेकंदाचा २००वा भाग. म्हणजे प्रकाशात शंभरपटीचा फरक.

ही अडचण फोटोग्राफीच्या लहानपणापासूनची आहे. १८५०च्या दशकात गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने समुद्राची आणि आकाशाची वेगवेगळी काचेची निगेटिव्ह वापरून एकच छाप काढली, कारण त्या काळचं रसायन निळ्या प्रकाशाला फार हळवं असे आणि समुद्र नीट येईपर्यंत आकाश जळून जाई. पुढे त्याने एकच आकाश दोन वेगळ्या समुद्रांवरही चढवलं. ही गोष्ट शेवटी पुन्हा आठवावी लागणार होती.

आमच्या फोटोग्राफरने सकाळी यायचं मुद्दाम टाळलं होतं. पूर्वेच्या खिडकीत सकाळी सूर्य थेट भिंगात शिरतो आणि डोंगर काळा, धुरकट दिसतो. दुपारी चारनंतर सूर्य इमारतीच्या मागे जातो आणि डोंगरावर समोरून ऊन पडतं. मग स्टँड तसूभर न हलवता, f/8 तेच ठेवून, त्याने फक्त वेळ बदलली: सेकंदाचा २००वा भाग. बाहेरचं दृश्य नीट आलं, खोली काळोखात बुडाली. आता हातात फ्लॅश घेऊन तो खिडकीच्या बाजूला गेला आणि खिडकीभोवतीच्या भिंतीवर, चौकटीवर, ग्रिलवर त्याने उजेड मारला. एवढा, की ती भिंत पहिल्या फोटोतल्यापेक्षाही उजळ आली.

हे का, ते संगणकावर कळलं. पहिला फोटो खाली, फ्लॅशचा फोटो वर, आणि वरच्या लेयरला Darken. हा पर्याय प्रत्येक ठिकाणी दोन्हींपैकी जो रंग गडद तो ठेवतो. खिडकीत खालचा फोटो पांढराफेक, म्हणून वरचा डोंगर उतरतो. भिंतीवर वरचा फोटो जास्त उजळ, म्हणून खालची भिंत तशीच राहते. खोलीचा बाकीचा भाग वरच्या फोटोत काळा असल्याने तो तेवढा मास्कने झाकायचा, आणि खिडकीभोवती मास्क ढोबळ असला तरी चालतो. कात्री लावावी लागत नाही.

कात्री न लागण्याचं मोल आपल्याकडच्या खिडकीत कळतं. आपल्या खिडकीला ग्रिल असतं. जळालेल्या फोटोत बाहेरचा उजेड प्रत्येक गजावर दोन्ही बाजूंनी सांडतो आणि गज बारीक दिसतात, काही तर मधेच गायब होतात. कुणी तो पांढरा चौकोन हाताने कापून मागे दृश्य डकवलं, तर प्रत्येक गजाभोवती पांढरी कड राहते. डकवलेली खिडकी ओळखायची असेल तर आधी गज बघावेत. फ्लॅशच्या फोटोत गज पूर्ण जाडीचे येतात, त्यांच्यावरचा रंगाचा ओघळसुद्धा दिसतो.

फ्लॅशने गज सांभाळले, पण सरकत्या काचेने त्याचा घाम काढला. तीन ट्रॅकची खिडकी: दोन काचा आणि एक मच्छरजाळी. कशीही सरकवली तरी अर्धी खिडकी उघडी आणि अर्ध्या भागात काचेवर काच, त्यावर जाळी. एका बाजूला डोंगर स्वच्छ, दुसऱ्या बाजूला करडा, हिरवट. शिवाय काचेत फ्लॅशचा गोळा उमटतो. त्याने एकदा डावी बाजू उघडी ठेवून फोटो घेतला, मग सगळं डावीकडे सरकवून उजव्या बाजूचा, आणि दोन्ही उघडे भाग जोडले. सरकवताना मजल्याला धक्का बसला, स्टँड किंचित हलला, आणि जोडावर महालाची कड दुहेरी आली. त्याने काही न बोलता पहिल्यापासून सगळे फोटो पुन्हा घेतले. डोंगर जेमतेम बोटभर दिसणार होता, तरी.

शेवटी डोंगर त्याने किंचित फिकट ठेवला. खिडकी खोलीपेक्षा थोडी उजळ हवी; दोन्ही सारखे झाले की भिंतीवर कॅलेंडर टांगल्यासारखं वाटतं.

एवढं झाल्यावर त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या फ्लॅटचे मालक आले. त्यांची खिडकी उत्तरेला, समोर शेजारच्या इमारतीची गच्ची आणि काळ्या टाक्या. “तोच डोंगर आमच्याही खिडकीत टाक ना,” ते म्हणाले.

मला ल ग्रेचं आकाश आठवलं. तो टाकू शकतो, आणि मला काळजी वाटते ती याचीच. पण डकवलेलं दृश्य बघणाऱ्याला कसं पकडता येईल, ते त्याने मला त्याच खिडकीवर दाखवलं. कॅमेरा सरळ धरलेला असेल, तर खोलीत भिंगाच्या उंचीवर जे जे आहे ते फोटोत क्षितिजाच्या रेषेवरच येतं. त्याचं भिंग भिंतीवरच्या स्विचबोर्डाच्या उंचीवर होतं. म्हणजे बाहेरचं क्षितिजही स्विचबोर्डाच्या रेषेत हवं. ते वर किंवा खाली गेलं तर दृश्य परकं. पाचव्या मजल्यावरून झाडांचे शेंडे क्षितिजाखाली दिसायला हवेत. ते वर चढले असतील तर तो फोटो जमिनीवरून काढलेला आहे. आणि फरशी बघायची. चकचकीत टाइल्समध्ये खिडकीचं प्रतिबिंब असतं, ते बदलायला डकवणारे हमखास विसरतात.

कायद्यातही याला जागा आहे. २०१६च्या रेरा कायद्याचं १२वं कलम जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला बिल्डरकडून भरपाई मागण्याचा हक्क देतं. पण हे कलम बिल्डरसाठी आहे. आपला जुना फ्लॅट विकणारा एकटा मालक त्यात बसत नाही, आणि डकवलेले डोंगर अशाच फोटोंत सहज खपून जातात. जळालेली खिडकी दुरुस्त करणं आणि नसलेलं दृश्य बनवणं, दोन्हींना हत्यारं तीच लागतात. माझ्या लेखी पहिलं काम फोटोग्राफरचं, दुसरं फसवणुकीचं.

त्याने मालकांना तसं काही सुनावलं नाही. “काका, गिऱ्हाईक इथे येणारच आहे. आल्यावर पहिलं खिडकीशीच जाईल,” एवढंच म्हणाला. मग त्याने पांढरा झिरझिरीत पडदा ओढला आणि खिडकी थोडी उजळ राहू दिली. उजेड भरपूर येतो, हे त्यातून दिसत होतं. पडद्यामागे टाक्यांची अंधूक सावली तशीच होती. काकांनी फोटो दोनदा मोठा करून पाहिला आणि मुलाला विचारून सांगतो म्हणाले.