रस्त्यावरच्या रेषा: कुठली ओलांडता येते, कुठली नाही

रस्त्यावर आखलेल्या रेषा वाचण्याचा मूळ नियम सोपा आहे. रेषा तुटक असेल, तर खात्री करून ती ओलांडता येते. सलग असेल, तर ओलांडायची नाही. दोन सलग रेषा शेजारी शेजारी असतील, तर ती बंदी सर्वांत कडक समजायची. भारतात या रेषा ‘इंडियन रोड्स काँग्रेस’च्या ‘आयआरसी 35’ या संहितेनुसार आखल्या जातात. ठळक रंग दोनच, पांढरा आणि पिवळा. पण रेषेचा अर्थ रंगाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, ती तुटक आहे की सलग यावर ठरतो.

तुटक पांढरी रेषा सगळ्यांत जास्त दिसते. दुभाजक असलेल्या महामार्गावर ती एकाच दिशेने जाणाऱ्या लेन वेगळ्या करते. तिथे ती ओलांडणे म्हणजे लेन बदलणे. त्यासाठी आरसा पाहायचा, इंडिकेटर द्यायचा, शेजारची लेन रिकामी असल्याची खात्री करायची आणि मगच सरकायचे. दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यावर मात्र हीच रेषा मधोमध असते आणि तिच्या पलीकडची लेन समोरून येणाऱ्यांची असते. रेषा तीच, पण ती ओलांडल्यावर गाडी समोरच्या वाहतुकीत शिरते. म्हणून तुटक रेषा दिसली की आधी एक गोष्ट पाहावी: पलीकडची वाहतूक आपल्याच दिशेने चालली आहे की समोरून येते आहे?

सलग पांढरी रेषा काही ठिकाणी रस्त्याची कड दाखवते, तर काही ठिकाणी चौक, पादचारी पट्टे किंवा पूल यांच्या अलीकडे लेन बदलायला मनाई करते. सिग्नलजवळ लेनमधली तुटक रेषा सलग होते ती याचसाठी. ज्याला उजवीकडे वळायचे आहे त्याने त्याआधीच उजव्या लेनमध्ये यायला हवे. सलग रेषेला अपवाद दोन आहेत. बाजूच्या रस्त्यावर किंवा आवारात वळताना, अथवा तिथून बाहेर येताना ती ओलांडता येते. तसेच बंद पडलेली गाडी किंवा कोसळलेले झाड असा अडथळा वाटेत असेल, तर त्याला वळसा घालण्यापुरती ती ओलांडता येते. पुढची गाडी हळू चालली आहे हा अडथळा नव्हे. हा फरक रस्त्यावर फार थोडे लोक पाळतात.

पिवळा रंग कडक मनाईच्या रेषांसाठी वापरतात. रस्त्याच्या मधोमध सलग पिवळी रेषा असेल, तर ती दोन विरुद्ध दिशांच्या वाहतुकीमधली हद्द असते. 1989 च्या रस्ता नियमांतच हे स्पष्ट केले होते की, रस्ता विभागणारी पिवळी रेषा असेल तिथे ओव्हरटेक करताना ती ओलांडायची नाही. याचा अर्थ ओव्हरटेकच करायचे नाही असा नव्हे. आपल्या बाजूला दोन लेन असतील, तर त्या दोन लेनच्या आत पुढे जायला हरकत नाही. दुभाजक नसलेल्या चौपदरी रस्त्यांवर दुहेरी पिवळी रेषा दिसते तिचे काम हेच. ती रंगाने आखलेला दुभाजक आहे. ती ओलांडायला फक्त आणीबाणीत किंवा गाडी बंद पडल्यासारख्या प्रसंगी मुभा आहे. तिच्यावरून यू टर्न घेणे किंवा पलीकडच्या पेट्रोल पंपात शिरणे या मुभेत बसत नाही.

दुपदरी रस्त्यावर, विशेषतः घाटात, ही रेषा कुठे सलग होते आणि का होते, हे समजले की बाकीचे आपोआप उलगडते. त्याचा आधार दृष्टीचे अंतर हा आहे, म्हणजे चालकाला पुढचा रस्ता किती मीटर दिसतो ते. ओव्हरटेकसाठी हे अंतर मोजताना भारतीय मानकात चालकाचे डोळे जमिनीपासून 1.2 मीटर उंच धरले आहेत आणि समोरची गाडीही तितकीच उंच धरली आहे. वळणावर डोंगराची कड आड येते, उंचवट्यावर रस्त्याचाच फुगवटा आड येतो. जिथे त्या रस्त्याच्या वेगाच्या मानाने पुरेसे दिसत नाही, तिथे तुटक रेषा सलग करतात.

पुरेसे म्हणजे किती, हे एका उदाहरणाने समजते. वाहनांचा वेग ताशी 60 किलोमीटर धरला, तर पुढच्या हळू वाहनाला मागे टाकून परत आपल्या लेनमध्ये यायला मानकानुसार साधारण 10.8 सेकंद लागतात. ताशी 60 म्हणजे सेकंदाला सुमारे 16.7 मीटर. म्हणजे एवढ्या वेळात गाडी 180 मीटर जाते. त्याच वेळी समोरून दुसरी गाडी त्याच वेगाने येते आहे. ओव्हरटेकच्या पहिल्या तृतीयांश वेळात चालकाला माघार घेऊन मागे राहता येते, असे मानक मानते. म्हणून समोरच्या गाडीचा उरलेल्या दोन तृतीयांश वेळेतला प्रवास हिशेबात धरला जातो. तो होतो 120 मीटर. दोन्ही मिळून 300 मीटर. इतका रस्ता मोकळा दिसत असेल, तरच ताशी 60 च्या वेगाने हे ओव्हरटेक सुरक्षित आहे. वेग ताशी 80 झाला की हेच अंतर 470 मीटरवर जाते आणि 100 ला 640 मीटरवर. थांबण्यासाठी लागणारे अंतर याच्यापुढे फार कमी असते. ताशी 60 ला ते 80 मीटर धरतात. म्हणून आपल्या लेनमध्ये सुखाने चालता येईल इतका रस्ता दिसत असतो, पण ओव्हरटेक करण्याइतका मुळीच नसतो. घाटातले बहुतेक रस्ते असेच असतात, आणि अनेक चालकांची फसगत नेमकी इथेच होते.

आता एक साधा उंचवटा घ्यावा, दोन्ही बाजूंनी चढ आणि मध्ये माथा. चढणाऱ्या चालकाला माथ्यापलीकडचे काही दिसत नाही, म्हणून माथ्याच्या बऱ्याच अलीकडे त्याच्या बाजूची रेषा सलग होते. माथा ओलांडला की उतारावरचा रस्ता त्याला लांबपर्यंत दिसू लागतो, म्हणून थोड्याच पुढे त्याच्या बाजूची रेषा पुन्हा तुटक होते. समोरून येणाऱ्याचे सगळे याच्या उलट असते. त्याचा चढ पलीकडून सुरू होतो, म्हणून त्याच्या बाजूची सलग रेषा पलीकडे सुरू होते आणि माथ्याच्या अलीकडे संपते. चढणाऱ्या चालकाला मग हा क्रम दिसतो: आधी तुटक एकेरी रेषा, मग दोन रेषा, त्यातली जवळची सलग आणि पलीकडची तुटक, माथ्याभोवती दोन्ही सलग, पुढे जवळची तुटक आणि पलीकडची सलग, आणि शेवटी पुन्हा एकेरी तुटक. सलग आणि तुटक अशी जोडी दिसली की फक्त आपल्या बाजूची रेषा वाचायची. ती तुटक असेल, तर रस्ता मोकळा पाहून ओलांडता येते. ती सलग असेल, तर पलीकडची तुटक रेषा आपल्यासाठी नाही. शिवाय तुटक भागात सुरू केलेले ओव्हरटेक आपल्या बाजूची रेषा सलग व्हायच्या आत पूर्ण झाले पाहिजे. सलग रेषा पुढे सुरू होताना दिसत असेल, तर ओव्हरटेक सुरूच करू नये.

या रेषांना मर्यादाही आहेत. तुटक रेषा परवानगी देते, रस्ता मोकळा असल्याची हमी देत नाही. तो 300 मीटरचा हिशेब एक साधे वाहन मागे टाकण्याचा आहे. पुढे लांब कंटेनर असेल किंवा दोन-तीन ट्रक एकमेकांना चिकटून चालले असतील, तर वेळ आणि अंतर दोन्ही वाढतात. चढावर गाडीचा वेग लवकर वाढत नाही, तेव्हाही तसेच होते. शिवाय वळणावर, चौकाजवळ किंवा जिथून पुढचे दिसत नाही तिथे ओव्हरटेकला कायद्याचीच बंदी आहे, मग रेषा कशीही असो. रस्त्याचे नवे डांबरीकरण झाल्यावर काही दिवस रेषाच नसतात, आणि कधी कधी वळणाचा विचार न करता सगळीकडे सारखीच तुटक रेषा ओढलेली दिसते. अशा वेळी पुढचा रस्ता किती दिसतो हेच प्रमाण मानावे.

पावसात आणखी एक अडचण येते. या रेषा थर्मोप्लास्टिक रंगाने आखतात आणि त्यात काचेचे बारीक मणी मिसळतात. रात्री हेडलाइटचा प्रकाश त्या मण्यांवरून चालकाकडे परततो, म्हणून रेषा चमकते. पाण्याचा थर मण्यांवर साचला की ही चमक जवळजवळ नाहीशी होते. घाटातल्या पावसाळी रात्री मधली रेषा दिसेनाशी होते ती यामुळेच. तिथे रेषा दिसत नसेल, तर ती सलग आहे असेच धरून चालावे.

घाटात वाहतूक खोळंबली की सलग रेषेपलीकडे तिसरी रांग लागते. उतरणाऱ्या गाड्यांना वाट उरत नाही, दोन्ही बाजू समोरासमोर अडकतात आणि रुग्णवाहिकाही पुढे सरकत नाही. खोळंबा रेषेच्या आत राहिला, तर निदान एक बाजू चालू राहते.

इतर देशांत रंगांचे अर्थ वेगळे आहेत. अमेरिकेत विरुद्ध दिशांची वाहतूक वेगळी करायला नेहमी पिवळी रेषा वापरतात आणि एकाच दिशेच्या लेनमध्ये पांढरी. ब्रिटनमध्ये रस्त्याच्या मधली सलग दुहेरी रेषा पांढरी असते, आणि कडेची दुहेरी पिवळी रेषा गाडी थांबवून ठेवायला मनाई करते. परदेशात गाडी चालवण्याआधी तिथले अर्थ पाहून घ्यावेत.

मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्याविरुद्ध ओव्हरटेक करणे हे कलम 184 खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरले जाते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.