मोठ्या अक्षरांत कापला जाणारा उकार

अँड्रॉइड फोनच्या पडद्यावरचे ठिपके, म्हणजे पिक्सेल, सगळ्या फोनांत सारख्या आकाराचे नसतात. एकाच इंचात कुठे १६० ठिपके बसतात, कुठे ४८०. बटणाची उंची ४८ पिक्सेल ठरवली, तर पहिल्या फोनवर ते नीट दाबता येते आणि दुसऱ्यावर एक तृतीयांश होऊन बोटाखाली हरवते. म्हणून अँड्रॉइडमध्ये `dp` हे एकक वापरतात. इंचाला १६० ठिपके असलेल्या पडद्यावर १ `dp` म्हणजे १ पिक्सेल. ४८० ठिपक्यांच्या पडद्यावर ३. त्यामुळे ४८ `dp`चे बटण दुसऱ्या फोनवर १४४ पिक्सेलचे होते आणि हाताला साधारण तेवढेच लागते.

अक्षरांसाठी `sp` हे वेगळे एकक आहे. तेही घनतेप्रमाणे बदलते. शिवाय वापरणाऱ्याने सेटिंग्जमध्ये निवडलेला अक्षरांचा आकार मानते. अक्षरे `dp`मध्ये मापली, तर मांडणी कधी बिघडत नाही, पण चष्मा विसरलेल्या माणसाने सेटिंग कितीही वाढवले तरी अक्षर जागचे हलत नाही. ही सोय डिझाइन करणाऱ्याची, वाचणाऱ्याची नव्हे.

मात्र नुसते `sp` वापरून भागत नाही. समजा, वरच्याच बटणावर १६ `sp`मध्ये ‘रक्कम पाठवा’ लिहिले आहे. ४८० ठिपक्यांच्या पडद्यावर अक्षराचे माप ४८ पिक्सेल होते. ओळीची उंची त्याच्या दीडपट धरली, तर एक ओळ ७२ पिक्सेलमध्ये बसते. आता अक्षर १.३ पट केले, की माप सुमारे ६२ होते, मजकूर रुंदीत मावत नाही आणि दोन ओळींत मोडतो. त्यांना १८० पिक्सेलहून अधिक जागा लागते; बटण मात्र १४४वरच अडलेले. दुसरी ओळ कापली जाते. उपाय म्हणजे उंची पक्की न बांधता फक्त किमान उंची सांगणे:

```
android:layout_height="wrap_content"
android:minHeight="48dp"
android:textSize="16sp"
```

देवनागरीत हा दोष लवकर उघडा पडतो. ‘पूर्ती’ या शब्दात वर वेलांटी आणि रफार, खाली दीर्घ उकार. इंग्रजी मजकुरावर बेतलेल्या घट्ट चौकटीत हीच टोके आधी छाटली जातात आणि घाईत ‘पूर्ती’ची ‘पर्ती’ वाचली जाते.

मजकूर एका ओळीत कोंबून शेवटी तीन टिंबे देणे ही आणखी एक पळवाट. बातमीच्या मथळ्याला ती एकवेळ चालते. पण ‘₹ १,२५,०…’ अशी शिल्लक दिसली तर ती मुळीच न दिसलेली बरी.

२०२३च्या अँड्रॉइड १४पासून अक्षरे दुपटीपर्यंत वाढवता येतात. पण ही वाढ सरसकट नाही: बारीक मजकूर भरपूर वाढतो, आधीच मोठे असलेले मथळे कमी. म्हणून `sp`ला स्वतः गुणून पिक्सेल काढणारा जुना कोड इथे चुकतो. ते रूपांतर प्रणालीवरच सोडावे लागते. तपासणी मात्र साधी आहे. अक्षरे सर्वांत मोठी करून प्रत्येक पडदा मराठीत उघडायचा आणि उकार, रफार, आकडे शाबूत आहेत का ते पाहायचे. जे अक्षर जराही वाढले नाही, ते बहुधा चित्रात कोरलेले असते किंवा `dp`मध्ये मापलेले.