पीसीआरमधली तीन तापमानं

पीसीआरच्या स्लाइडवर ९५, ५५ आणि ७२ अंश सेल्सिअस हे आकडे एका चक्रात मांडलेले असतात. ९५ अंशांना डीएनएचे दोन धागे सुटे होतात, कारण त्यांना जोडणारे हायड्रोजन बंध उष्णतेने तुटतात. प्रत्येक धागा मात्र अखंड राहतो आणि नव्या प्रतीचा साचा बनतो.

खरी कसोटी ५५ अंशांची. इथे प्रायमर, म्हणजे साधारण वीस अक्षरांचे डीएनएचे तुकडे, आपापल्या जागी चिकटतात. पॉलिमरेज एन्झाइमला उघड्या धाग्यावर शून्यातून सुरुवात करता येत नाही. त्याला हे टोक लागतंच. तापमान फार कमी ठेवलं, तर प्रायमर अर्धवट जुळणाऱ्या जागीही बसतो आणि जेलवर नको ते पट्टे दिसतात. फार वाढवलं, तर पट्टाच उमटत नाही. म्हणून ५५ हा आकडा पाठ करू नये. तो प्रायमरची लांबी आणि अक्षरं यांनुसार ठरतो.

७२ अंशांना टॅक पॉलिमरेज धागा झपाट्याने वाढवतं. ते उष्ण झऱ्यांतल्या जिवाणूचं असल्यामुळे ९५ अंशांतही तगतं. पूर्वीचं ई. कोलायचं एन्झाइम दर फेरीत निकामी व्हायचं आणि पुन्हा घालावं लागायचं.