तिकीट रद्द करावं, की तारीख बदलावी?

पुणे ते दिल्ली विमानाचं २,३८० रुपयांचं तिकीट. स्वस्तात मिळतंय म्हणून दीड महिना आधीच काढून ठेवलेलं. मग मुलीकडच्यांचा फोन येतो आणि साखरपुडा आठवडाभर पुढे जातो. अ‍ॅप उघडून तारीख बदलायला जावं, तर ‘बदल शुल्क ३,००० रुपये’ असं दिसतं. म्हणजे तिकिटापेक्षा बदलाचाच खर्च जास्त. इथे बहुतेक जण कपाळावर हात मारतात आणि दोनपैकी एक गोष्ट करतात. कुणी चडफडत ते तीन हजार भरतो, तर कुणी ‘गेले ते पैसे’ म्हणून तिकीट तसंच सोडून देतो. दोन्हींत नुकसानच आहे आणि ते कसं, हे तिकिटाच्या पोटात शिरल्याशिवाय दिसत नाही.

हे २,३८० रुपये सगळे विमान कंपनीचे नसतात. आपल्या उदाहरणात मूळ भाडं, म्हणजे इंधन अधिभारासह कंपनीचा स्वतःचा वाटा, १,६०० रुपयांचा धरू. विमानतळाचं वापर शुल्क, सुरक्षा शुल्क वगैरे मिळून ७०० रुपये आणि मूळ भाड्यावर पाच टक्के जीएसटीचे ८० रुपये. ही फोड तिकिटाच्या पीडीएफवर असते, पण इतक्या बारीक अक्षरांत की चष्मा लावूनही शोधावी लागते. पैसे भरताना ‘कन्व्हिनियन्स फी’ म्हणून साडेतीनशे वेगळे गेलेले असतात. ते परत मिळतील ही आशा सोडलेली बरी.

आता नियम पाहू. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, तिकिटाच्या परताव्याचे नियम ठरवतं. त्यातली एक ओळ प्रत्येक प्रवाशाने लक्षात ठेवावी अशी आहे. रद्द करण्याचं शुल्क कुठल्याही परिस्थितीत मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त असता कामा नये. शिवाय प्रवास झाला नाही, तर सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं प्रवाशाला परत द्यावी लागतात. तिकिटावर ‘नॉन-रिफंडेबल’ छापलेलं असलं तरी, ते सवलतीच्या सेलमधलं असलं तरी, इतकंच नव्हे तर तुम्ही विमानतळावर गेलाच नाहीत तरी. परत न मिळणारं असतं ते मूळ भाडं, सगळं तिकीट नव्हे.

हे धरून हिशेब मांडू. नव्या तारखेचं तिकीट आज ३,०१० रुपयांना मिळतंय. तारीख बदलली, तर शुल्काचे ३,००० आणि भाड्यातल्या फरकाचे ६३० असे ३,६३० रुपये खिशातून जातात. त्याऐवजी जुनं तिकीट रद्द केलं, तर कंपनीचा रद्द करण्याचा दर चार हजार असला तरी तिला १,६०० च्या वर कापता येत नाहीत. हातात ७८० रुपये परत येतात. नवं तिकीट ३,०१० चं, वर पुन्हा साडेतीनशेची ती कन्व्हिनियन्स फी. एकूण ३,३६० मधून ७८० वजा जाता २,५८० रुपये. म्हणजे रद्द करून नवं काढणं हजार रुपयांनी स्वस्त पडलं.

महागड्या तिकिटाला मात्र हाच हिशेब उलटा पडतो. तिकीट सात हजारांचं, मूळ भाडं सहा हजार आणि नव्या तारखेलाही तोच दर असेल, तर बदलाचे ३,००० भरून सुटका होते. रद्द केलं, तर चार हजार कापून तीनच हजार परत येतील आणि पुन्हा सात हजार साडेतीनशे मोजावे लागतील. स्वस्त तिकीट रद्द करावं आणि महाग तिकीट बदलावं, असा ढोबळ कल दिसतो खरा, पण कंपनीगणिक दर वेगळे असल्यामुळे बटण दाबण्याआधी दोन्ही रकमा कागदावर मांडून पाहाव्यात. रद्द केल्यास किती परत मिळेल हे अ‍ॅप शेवटच्या होकाराआधी दाखवतं, तेव्हा तिथपर्यंत जाऊन आकडा पाहायचा आणि मागे फिरायचं.

बदलाच्या बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो भाड्यातल्या फरकाचा. ‘फ्री डेट चेंज’ असं लिहिलेलं तिकीट जास्त पैसे देऊन घेतलं, की लोकांना वाटतं आता कधीही फुकटात तारीख बदलता येईल. माफ होतं ते फक्त शुल्क. ज्या दिवशी बदल करता त्या दिवशीचं नव्या विमानाचं भाडं लागू होतं आणि वरचा फरक भरावाच लागतो. दिवाळीच्या तोंडावर शुल्क शून्य असूनही फरकच पाच-सहा हजारांचा निघू शकतो. नवं भाडं कमी असेल तर उरलेले पैसे परत मिळतातच असं नाही. ते त्या तिकिटाच्या फेअर रूल्समध्ये लिहिलेलं असतं.

हे फेअर रूल्स पैसे भरण्याआधी एका बारीक लिंकमागे दडलेले असतात. पूर्ण वाचायला कुणालाही वेळ नसतो, मलाही नसतो, पण तीन ठिकाणी नजर टाकली तरी भागतं. बदल आणि रद्द करण्याचे दर कुठले, विमान सुटण्याच्या किती तास आधीपर्यंत ते करता येतं, आणि ‘नो-शो’ला काय होतं. शेवटची बाब परतीच्या तिकिटात फार महाग पडते. मुंबई-दिल्ली-मुंबई असं एकाच पीएनआरवर तिकीट आहे. जाताना कुणीतरी राजधानीचं तिकीट काढून दिलं म्हणून तुम्ही विमान सोडलं आणि कंपनीला कळवलं नाही. तुम्हाला वाटतं, जायचं वाया गेलं, यायचं तर आहे. पण बहुतेक कंपन्यांच्या नियमांत पहिला टप्पा न वापरल्यास पुढचे टप्पे आपोआप रद्द होतात. दिल्ली विमानतळावर उभं राहिल्यावर ते कळतं. विमान सुटण्याआधी कंपनीशी बोलून पहिला टप्पा रीतसर सोडवून घेतला, तर परतीचा वाचण्याची शक्यता असते.

आता त्या छोट्या मोकळ्या मुदतीबद्दल. तिकीट काढल्यावर थोडा वेळ असा असतो की त्यात रद्द केलं तर एक पैसाही कापला जात नाही. आपल्याकडे ही मुदत कित्येक वर्षं २४ तासांची होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये डीजीसीएने ती ४८ तासांची करण्याचा मसुदा मांडला. त्यामुळे तुमच्या तिकिटाला नेमके किती तास, हे कंपनीच्या रद्द करण्याच्या पानावर पाहून घ्यावं. तासांपेक्षाही महत्त्वाची आहे ती तिच्यासोबतची अट. प्रवास जवळ आलेला असेल, तर ही सवलत मिळतच नाही. परवाच्या विमानाचं तिकीट आज काढून तासाभरात विचार बदलला, तर नेहमीचंच शुल्क लागतं. आणि मुदतीत तारीख बदलली तर शुल्क वाचतं, भाड्यातला फरक वाचत नाही.

या मुदतीचा खरा उपयोग चुका सुधारायला होतो. पहाटे साडेबाराचं विमान घेताना तारीख एक दिवसाने चुकणं ही नेहमीची गोष्ट आहे. शनिवारी रात्री निघायचं, म्हणून माणूस शनिवारची तारीख टाकतो आणि विमान असतं शुक्रवारच्या मध्यरात्रीनंतरचं. म्हणून तिकीट आल्या आल्या, चहा घेता घेता, वार, तारीख आणि नावाचं स्पेलिंग घरातल्या दुसऱ्या कुणालातरी मोठ्याने वाचायला सांगावं. थेट कंपनीच्या संकेतस्थळावर काढलेल्या तिकिटातली नावाची चूक २४ तासांत कळवली, तर त्या दुरुस्तीलाही शुल्क नाही.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत, त्यांना तिथला नियम माहीत असलेला बरा, कारण तो अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहे. प्रवास सात दिवस किंवा त्याहून जास्त दूर असेल, तर कंपनीने २४ तासांत दंड न घेता रद्द करू दिलं पाहिजे, किंवा पैसे न घेता तेवढा वेळ भाडं राखून ठेवलं पाहिजे. दोनपैकी एकच सोय देणं बंधनकारक आहे. आणि हा हक्क रद्द करण्याचा आहे, बदलण्याचा नाही. न्यू जर्सीतल्या लेकीने आईबाबांचं मुंबई-नेवार्क तिकीट काढलं आणि सांगलीहून बाबांचा फोन आला, “अगं, त्या दिवशी तर आईची डोळ्यांची तपासणी आहे!” अशा वेळी तिने तारीख बदलण्याच्या पानावर जायचं नाही. आधी नव्या तारखेला जागा आणि भाडं पाहायचं, परवडत असेल तर ते तिकीट काढायचं आणि मग जुनं रद्द करायचं. या क्रमाने गेलं म्हणजे मध्येच भाडं वाढून पंचाईत होत नाही. दोन तिकिटांचे पैसे काही दिवस कार्डावर अडकतात, एवढाच त्रास.

हा नियम थेट कंपनीकडून काढलेल्या तिकिटांना आहे. बुकिंग पोर्टल आणि एजंट यांना तो बांधील नाही, काही जण आपणहून तशी सोय देतात. आपल्याकडेही मोकळ्या मुदतीची सवलत एजंटाच्या तिकिटाला मिळेलच असं धरून चालू नये. कंपनीच्या कपातीवर एजंट स्वतःचं सेवा शुल्क लावतो, ते वेगळंच. मात्र परतावा देण्याची जबाबदारी डीजीसीएच्या नियमानुसार विमान कंपनीचीच आहे, कारण एजंट हा तिचाच प्रतिनिधी मानला जातो. ‘पैसे कंपनीकडून आले नाहीत’ आणि ‘आम्ही एजंटाला दिले’ या टोलवाटोलवीत अडकलात, तर हे वाक्य कंपनीला लेखी पाठवावं.

एका प्रसंगी मात्र रद्द करण्याच्या बटणाला अजिबात हात लावू नये. कंपनीनेच विमान रद्द केलं असेल किंवा वेळ बरीच पुढेमागे केली असेल तर. तुम्ही स्वतः रद्द केलंत, की ती तुमची मर्जी ठरते आणि शुल्क कापलं जाऊ शकतं. विमान कंपनीने रद्द केलं असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा यांतून निवडायचा हक्क तुमचा आहे. तेव्हा आधी कंपनीचा ईमेल किंवा मेसेज जपून ठेवावा आणि त्यातल्या दुव्यावरून किंवा ग्राहक सेवेशी बोलूनच परतावा मागावा.

क्रेडिट कार्डाने तिकीट काढलं असेल, तर रद्द केल्यापासून सात दिवसांत पैसे त्याच कार्डावर यायला हवेत. ते न देता कंपनी ‘क्रेडिट शेल’ देऊ पाहते, म्हणजे पुढच्या प्रवासाला वापरायची जमा रक्कम. ती घ्यायची की नाही, हे प्रवाशाने ठरवायचं असतं, कंपनीला ती परस्पर गळ्यात मारता येत नाही. नको असेल तर तसं ईमेलने कळवावं. तरीही पैसे आले नाहीत, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर पीएनआर, रद्द केल्याचा ईमेल आणि भाड्याची फोड असलेलं पीडीएफ जोडून तक्रार टाकता येते.