मेलेल्या माणसाचं मत

इंग्लंडमधली 1868 सालची गोष्ट. चॅपेल नावाच्या माणसाने एका स्थानिक निवडणुकीत मृत मतदाराच्या नावावर मत टाकलं. 'मत देण्यास हक्कदार असलेल्या व्यक्तीची' बतावणी करणं हा कायद्याने गुन्हा होता. चॅपेल सुटला. कारण मेलेला माणूस मत द्यायला हक्कदार नसतोच!

असाच प्रसंग नावं बदलून कायद्याच्या पेपरात येतो. बहुतेक उत्तरपत्रिकांत लिटरल, गोल्डन आणि मिसचीफ या तीन नियमांच्या पाठ केलेल्या व्याख्या असतात, आणि प्रश्नातला माणूस शेवटच्या दोन ओळींत उरकलेला असतो. मार्क जातात ते तिथे. उत्तराची सुरुवात व्याख्येने नको, कलमातल्या अडलेल्या शब्दाने हवी. इथे तो शब्द 'हक्कदार'.

लिटरल नियमाने शब्दाचा साधा अर्थ घ्यायचा, निकाल कितीही विचित्र लागो. तसा अर्थ घेतला की चॅपेल निर्दोष. कोर्टाने तेच केलं.

गोल्डन नियमाला दार उघडतं ते साध्या अर्थाने हास्यास्पद निकाल लागत असेल तरच. म्हणून आधी तो हास्यास्पदपणा दाखवावा लागतो: जिवंताच्या नावावर मत टाकलं तर शिक्षा, मेलेल्याच्या नावावर टाकलं तर मोकळं रान. शब्दाचे दोन अर्थ होत असतील तर त्यातला बरा निवडायचा, हे सोपं. 'हक्कदार'चे मात्र दोन अर्थ निघत नाहीत. तिथे 'जिवंत असता तर हक्कदार' असं वाचावं लागेल, म्हणजे कलमात शब्द घालावे लागतील. ही अडचण कबूल करणारा विद्यार्थी माझ्या मते उत्तम.

मिसचीफ नियम 1584 च्या हेडनच्या खटल्यातला. आधीचा कायदा काय होता, त्यात कोणती खोट राहिली, संसदेने कोणता उपाय केला आणि का, हे चार प्रश्न विचारायचे. आपल्या प्रसंगात खोट उघड आहे: दुसऱ्याच्या नावाने मतं पडत होती. उपाय तीच थांबवायचा, मग मतदार जिवंत असो वा नसो. चॅपेल दोषी.

एवढ्यावर थांबलं तर उत्तर अर्धंच राहतं. कोर्ट यातलं काय निवडेल, हे सांगावंच लागतं. फौजदारी कलमाचा अर्थ ताणून माणसाला शिक्षा द्यायला न्यायाधीश कचरतात, हा चॅपेलच्या बाजूचा मुद्दा. त्याच्या विरुद्ध 1964 चा अ‍ॅडलर खटला ठेवावा. प्रतिबंधित जागेच्या 'आसपास' सैनिकाला अडवणं गुन्हा होता. 'मी आसपास नव्हतो, हवाई तळाच्या आतच होतो,' असा अ‍ॅडलरचा बचाव. कोर्टाने 'आसपास'मध्ये 'आत'ही धरलं, आणि तो दोषी ठरला.